बातम्या वाचायला 18 वर्षं कशाला लागतात?

*ताई, मी 24 वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत कॉमेंट्री करतो आणि त्याचे रील टाकतो. 86 हजार फॉलोअर आहेत. कॉमेंट्रीचे दिवसाला दीड-दोन हजार मिळतात, तेही सीझनपुरते. मागच्या महिन्यात एका ‘स्पोर्ट्स न्यूज’ साइटच्या मॅनेजरचा मेसेज आला. महिन्याला चार स्टोरी, बायोमध्ये लिंक, कॉमेंट्रीत त्यांचं नाव आणि माझ्या नावाचा एक कोड. महिना 40 हजार, वर कोडने येणाऱ्यांवर ‘30 टक्के’. आठ हजार ॲडव्हान्स आला, एक स्टोरी टाकून झाली, वाटायला 50 टी-शर्टही आलेत. मित्र म्हणतो ही सट्ट्याची कंपनी आहे. मॅनेजर म्हणतो, आम्ही फक्त बातम्या देतो, मोठमोठे क्रिकेटपटू अशा जाहिराती करतात, लीगल टीमने सगळं पास केलंय. आणि मी तर कुणाला पैसे लाव म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात करारावर सही करायची आहे. करू का?*
*– एक कॉमेंटेटर*

सही करू नकोस. पण एवढ्याने तुझं समाधान होणार नाही, कारण उद्या वेगळ्या नावाची दुसरी साइट येईल. म्हणून हे प्रकरण आतून कसं चालतं ते सांगते. मी बारा वर्षं जाहिरात संस्थेत काढली आहेत, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन कर.

‘30 टक्के’ हे शब्द तू अवतरणात टाकलेस. म्हणजे तुलाही ते कुठेतरी खटकले. कशाचे 30 टक्के, हे मॅनेजरला विचारलंस का? बातमी वाचायला कुणी पैसे देत नाही. पोरं तुझ्या कोडने आली, बातमी वाचून गेली, तर साइटला मिळाले शून्य, आणि शून्याचे 30 टक्के शून्यच. ज्याअर्थी कंपनी टक्केवारी द्यायला तयार आहे, त्याअर्थी त्या लिंकच्या पलीकडे कुठेतरी पैसे जमा होतात.

या धंद्यात त्याला रेव्हेन्यू शेअर म्हणतात. हिशोब साधा आहे. समज, तुझ्या कोडने 100 जण आले. महिन्याभरात प्रत्येकाने सरासरी 3 हजार भरले, म्हणजे 3 लाख. त्यातले काही जिंकले, त्यांनी मिळून 1 लाख काढून घेतले. कंपनीकडे राहिले 2 लाख. त्याचे 30 टक्के, म्हणजे 60 हजार, तुझे. तुझ्या 40 हजारांपेक्षा जास्त! आता उलटं बघ. त्याच 100 जणांनी त्या महिन्यात भरले त्याहून जास्त काढले, तर तुझा वाटा शून्य. कित्येक करारांत ती वजाबाकी पुढच्या महिन्यात तुझ्या खात्यावर चढते. म्हणजे तुझ्या कोडने आलेला पोरगा जिंकला की तुझं नुकसान, हरला की तुझा फायदा. काही कंपन्या टक्क्यांऐवजी डोईमागे ठरावीक रक्कम देतात, पहिल्यांदा पैसे भरणाऱ्या प्रत्येकामागे. तिथेही मोजणी वाचकाची नसते, पैसे भरणाऱ्याची असते.

करार वाचायला इंग्रजी किंवा वकिली यायलाच हवी असं नाही. आपल्याला पैसे कशावर मिळणार आहेत तेवढं शोधायचं. ज्याच्या मोजणीवर पैसे, तोच खरा धंदा.

कोडचं कामही समजून घे. कोड टाकला की ‘वेलकम बोनस’ मिळतो. 2 हजार भरा, 2 हजार आमच्याकडून. खालच्या बारीक अक्षरांत असतं की बोनस काढण्याआधी तो पाच वेळा फिरवायचा, म्हणजे 10 हजारांचे डाव लावायचे, आणि तेही तीन-तीन सामन्यांच्या जोडीवर. आता भाव बघ. बरोबरीच्या सामन्यात दोन्ही बाजूंना 1.90 असा भाव असतो. 100 लावून जिंकलास तर 190 परत. दोन्ही बाजूंना 100-100 लावले तर खिशातून गेले 200, आले 190. सरासरी धरली तर प्रत्येक 100 मागे 5 रुपये घरचे, म्हणजे कंपनीचे. तीन सामने जोडले की ही कात्री तीनदा चालते. 95 टक्क्यांचे 95 टक्के, त्याचे पुन्हा 95 टक्के, उरतात साधारण 86. म्हणजे 10 हजारांच्या डावांत सरासरी 1,400 रुपये कंपनीचे. 2 हजारांचा बोनस हातात येईपर्यंत त्यातले बरेच गेलेले असतात, आणि तोवर पोराला सवय लागते. हा बोनस तुझ्या नावाने वाटला जाणार होता.

आता बातम्यांच्या साइटचं. ही युक्ती जुनीच आहे. दारूच्या जाहिरातीला बंदी आली तेव्हा त्याच नावाचा सोडा आला, त्याच नावाच्या गाण्यांच्या कॅसेट आल्या. सोडा विकायचा नव्हताच, नाव डोक्यात ठेवायचं होतं. तरी दुकानात मागितला तर निदान सोड्याची बाटली मिळायची! सट्ट्याच्या कंपन्यांनी ‘न्यूज’ हा शब्द निवडला, कारण त्यात बाटलीही भरावी लागत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून 2022 मध्ये सट्ट्याच्या जाहिराती दाखवू नका असं माध्यमांना सांगितलं. मग ‘न्यूज’वाल्या जाहिराती वाढल्या, आणि 3 ऑक्टोबर 2022 ला मंत्रालयाला दुसरं पत्रक खास त्यांच्यासाठी काढावं लागलं. बातम्यांच्या साइटचं बोधचिन्ह आणि सट्ट्याच्या साइटचं बोधचिन्ह कमालीचं सारखं आहे, आणि दोन्हींची भारतात कुठल्याच कायदेशीर यंत्रणेकडे नोंदणी नाही, असं त्यात म्हटलं होतं.

सगळ्यात ढळढळीत नमुना बघायचा तर सट्ट्याची साइट 1xBet आणि जाहिरातीतलं नाव 1xBat. फरक एका अक्षराचा. क्रिकेटच्या जाहिरातीत बॅट हा शब्द बघून कुणाला संशय येणार? पण ते नाव ऐकून कुणी फोनवर शोधायला गेलं की बोटं आपोआप खऱ्या दुकानाच्या दारात जातात. जाहिरातीने ‘पैसे लाव’ म्हणायची गरजच राहत नाही. म्हणून ‘मी कुणाला लाव म्हणत नाही’ हे तू स्वतःच्या बचावासाठी लिहिलंस ते मला पटत नाही. तुझ्याकडून त्यांना तेवढंच हवं आहे. आवाज तुझा, नाव त्यांचं. लावायला सांगणारे पुढे व्हॉट्सॲपवर बसलेलेच असतात.

तुझी साइट त्यातलीच आहे का, हे मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. तूच तपास, अर्धा तास लागेल. साइट उघडून अगदी तळाशी जा. संपादकाचं नाव आहे का? पत्ता? डिजिटल बातम्या देणाऱ्याला 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे भारतातला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो. तो दिसतो का? बातम्या कुणी लिहिल्यात, की सगळ्या इकडून तिकडून उचललेल्या आहेत? साइटवर दुसऱ्या कुणाची जाहिरात आहे का? जी साइट वर्गणी घेत नाही, जाहिरात घेत नाही, ती तुला 40 हजार कुठून देणार? मग त्यांनी बायोसाठी दिलेली लिंक दाबून बघ. साइटचा पत्ता हाताने टाकू नकोस, लिंकच दाब, तीही मोबाइलवरून. पुष्कळदा दोन्ही रस्ते वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. लिंक व्हॉट्सॲप नंबरवर किंवा टेलिग्राम चॅनलवर गेली, किंवा प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप उतरवायला सांगू लागली, तर तुझ्या मित्राचं बरोबर आहे. फक्त काही उतरवून घेऊ नकोस, पैसे तर मुळीच भरू नकोस.

आणि तुला आलेल्या टी-शर्टवर, बॅनरवर कुठे ‘18+’ किंवा ‘जबाबदारीने खेळा’ असं बारीक लिहिलंय का ते बघ. मला या ओळीची नेहमी गंमत वाटते. बातम्या वाचायला 18 वर्षं कशाला लागतात? जबाबदारीने काय खेळायचं, धावफलक?

आता ‘मोठमोठे क्रिकेटपटू करतात’. तुझ्या मनात असं असणार की एवढ्या मोठ्या माणसाने वकील लावून सगळं तपासलं असेल, मग आपण कशाला घाबरायचं. मी अशा बैठकांमध्ये बसले आहे. मोठ्या माणसापर्यंत पोचते ती रक्कम, चित्रीकरणाचे दिवस आणि दोन पानांची संहिता. मधे मॅनेजर, एजन्सी, एजन्सीची एजन्सी. कायदेशीर मत असतं, पण ते बहुतेक वेळा जाहिरात देणाऱ्यानेच मिळवलेलं, त्याला हवं तसा प्रश्न विचारून. ‘लीगल टीमने पास केलं’ म्हणजे कुणाच्या लीगल टीमने? तुझी तर टीम नाही. तुझ्या करारात एक कलम शोध. काही कारवाई झाल्यास संपूर्ण जबाबदारी क्रिएटरची, अशा अर्थाचं ते बहुधा सापडेल. ज्यांना स्वतःच्या कायदेशीरपणाची खात्री असते ते असलं कलम तुझ्यासारख्याच्या गळ्यात घालत नाहीत.

मोठ्यांचं पुढे काय झालं तेही बघ. 1xBet प्रकरणात सुरेश रैना आणि शिखर धवन यांची ईडीने चौकशी केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दोघांची मिळून 11.14 कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. ईडीचं म्हणणं असं की या साइटच्या आणि तिच्या दुसऱ्या नावांच्या प्रचारासाठी परदेशी संस्थांशी जाणूनबुजून करार झाले आणि मोबदला परदेशातून फिरवून आला. हा आरोप आहे, दोष न्यायालय ठरवेल. पण जप्ती आणि चकरा त्याच्या आधीच सुरू होतात. आणि फक्त तारेच सापडतात असंही नाही. मार्च 2025 मध्ये हैदराबादच्या पंजागुट्टा पोलिसांनी सट्ट्याच्या ॲपच्या प्रचाराबद्दल 11 जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात यूट्यूबर आणि इन्स्टाग्रामवरची माणसं होती, तुझ्याच बिरादरीतली. ताऱ्याकडे वकील असतो. तुझ्याकडे तालुक्याच्या पोलिस ठाण्यात ओळखीचा हवालदार असेल फार तर.

कायदा थोडक्यात सांगते, कारण मॅनेजर इथेच शब्दांचा खेळ करतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली फसव्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. सुटका त्यालाच, ज्याला आधी नीट तपासणी केल्याचं दाखवता येईल. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ पुरत नाही, ‘मी हे हे तपासलं’ असं दाखवावं लागतं. त्यावर 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला. राष्ट्रपतींची सही 22 ऑगस्टची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळाची जाहिरात करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि तिथे शब्द आहेत प्रत्यक्ष ‘किंवा अप्रत्यक्ष’ प्रचार. ‘आम्ही फक्त बातम्या देतो’ हा बुरखा त्या एका शब्दाने फाटतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादही त्या कायद्याने बाजूला ठेवला. परदेशी बेटावरचा परवाना दाखवून कुणी ‘आम्ही लायसन्सवाले’ म्हणालं तरी तो परवाना इथे चालत नाही.

तुझ्यासारखंच पत्र पूर्वी एका आईने पाठवलं होतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. तिच्या मुलाने सचिनला व्हिडिओत एका खेळाची शिफारस करताना पाहिलं होतं. असा एक व्हिडिओ जानेवारी 2024 मध्ये फिरत होता, आणि तो खोटा आहे, चेहरा-आवाज बनवलेला आहे, हे स्वतः तेंडुलकरांनी जाहीरपणे सांगितलं. तेव्हा बघणाऱ्यांसाठी इथेच लिहिते. व्हिडिओत माणूस ओळखीचा दिसला म्हणजे तो बोललाच असं नाही. खरोखर तोच बोलला असेल, तरी त्याने स्वतःचे पैसे लावलेले नसतात. रीलमध्ये जो ‘20 हजाराचे दीड लाख’ करून दाखवतो, त्याला कंपनीने खोटी शिल्लक टाकलेली डेमो आयडी दिलेली असू शकते. पडद्यावरचा आकडा खात्यात उतरलेला तुम्ही पाहिला का? टेलिग्रामवर सलग पाच सामने बरोबर सांगणारा तर आणखी सोपा. 3,200 जणांपैकी अर्ध्यांना एक संघ सांगायचा, अर्ध्यांना दुसरा. चुकलेल्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांना पुन्हा अर्धं अर्धं. पाच सामन्यांनंतर 100 जण असे उरतात ज्यांच्यासाठी तो देव असतो. मग त्यांच्याकडून फी, किंवा त्यांना सट्ट्याच्या साइटवर खेळायची आयडी.

पैसे भरायचा रस्ताही बोलका असतो. दर वेळी वेगळा यूपीआय आयडी, कधी कुणा बाईच्या नावाचा, कधी कुठल्याशा ट्रेडर्सचा. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातून जिंकलेले पैसे तुमच्या खात्यात आले आणि त्या भाड्याच्या खात्यावर कुठे तक्रार झाली, तर तुमचंही खातं गोठू शकतं. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीने सांगितलं होतं की धंदा ‘पॅनल’, म्हणजे शाखा, वाटून चालायचा, नफा 70-30 ने वाटला जायचा. म्हणजे गावातला जो पोरगा ‘आयडी घे रे’ म्हणतो तो हौशी नसतो, साखळीतलं शेवटचं दुकान असतं. तुझ्या कोडने तूही त्याच साखळीला लागतोस, फक्त तुझ्या हातात माईक आहे.

आता तू काय करायचं. टाकलेली स्टोरी 24 तासांत गेली असली तरी हायलाइटमध्ये ठेवली असशील तर काढ. मेसेज मात्र उडवू नकोस. मॅनेजरशी झालेलं सगळं बोलणं, करार, पैसे आल्याची नोंद, स्टोरीचं चित्र, सगळं जपून ठेव. कधी कुणी विचारलंच तर तू कधी थांबलास हे त्यातूनच दिसेल. मग त्यांना ईमेल कर, फोन नको. ‘आपल्या सेवेचा सट्ट्याशी संबंध असल्याची शंका आल्याने मी करार करणार नाही, आजपासून माझं नाव, आवाज, चित्र आणि कोड वापरू नये, ॲडव्हान्स परत करत आहे’ एवढं पुरे. भांडू नकोस, उपदेश करू नकोस. आठ हजार ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठव. ‘या दुसऱ्या नंबरवर टाका’ म्हणाले तर थांब, लेखी विचार, आणि तोवर पैसे बाजूला ठेव. धमकी आली किंवा त्यांनी तुझा व्हिडिओ वापरणं चालूच ठेवलं तर cybercrime.gov.in वर तक्रार कर आणि एखाद्या वकिलाला कागद दाखव.

तुझ्या फॉलोअरना सांगावं का? मला वाटतं सांगावं, एका स्टोरीत, रडारड न करता. ‘परवा जी साइट सांगितली ती मी नीट तपासली नव्हती, तिकडे पैसे भरू नका.’ चार जण हसतील. पण तुझ्या शब्दावर कुणी लिंक दाबली असेल तर त्याला हे कळायला हवं. कुणी आधीच अडकल्याचं सांगितलं तर त्याला 14416 हा टेली-मानसचा नंबर दे, फसवणूक झाली असेल तर 1930.

महिना 40 हजार सोडणं सोपं नाही, हे मला कळतं. पावसाळ्यात तुझे माईक बंद असतात. पण तुझ्या भागातले ट्रॅक्टरचे शोरूम, दूध डेअरी, स्पोर्ट्सचं दुकान यांना 86 हजारांतले निम्मे प्रेक्षक आपल्याच तालुक्यातले आहेत हे दाखवलंस तर ते पैसे देतात. 40 नाही देणार, चार-पाच देतील. मी आकडा फुगवून सांगत नाही. त्यांच्याकडे जाण्याआधी इन्स्टाच्या आकडेवारीत प्रेक्षक कुठल्या गावचे आहेत ते पान काढून ने, आणि पैसे घेतल्यावर स्टोरीवर ‘जाहिरात’ असं ठळक लिही.

राहिले टी-शर्ट. स्पर्धेच्या समितीने वाटून टाकू म्हटलं तरी वाटू नका, कारण पन्नास पोरं वर्षभर ते नाव छातीवर घेऊन फिरतील, आणि त्यांतली निम्मी तरी शाळेतली असतील. एक तसाच पुडक्यात ठेव, पुराव्याला. बाकीचे 49 त्यांच्या खर्चाने कुरिअरने परत पाठव. पत्ता मागितल्यावर ते काय देतात तेही बघ.